घंगाळाचा कोणता भाग कला आहे, ते सांगा : निवड समितीला खुले पत्र

प्रति,
निवड समितीचे सर्व सदस्य,
वार्षिक कला प्रदर्शन, नाशिक

सप्रेम नमस्कार.

आपल्या प्रदर्शनात यंदा पहिला पुरस्कार मिळालेले तांब्याचे घंगाळ मी तीन वेळा पाहून आले. उद्घाटनाच्या दिवशी ते पांढऱ्या चौथऱ्यावर पालथे घातलेले होते, काळवंडलेले, एक कडी निखळलेली. दुसऱ्यांदा गेले तेव्हा त्याची एक बाजू लखलखीत झाली होती. सोमवारी सकाळी दालनाची सफाई करणाऱ्या मावशींनी ते लिंबू-मिठाने घासायला घेतले होते आणि निम्म्यावर कुणीतरी ओरडून त्यांना थांबवले होते. तिसऱ्यांदा गेले तेव्हा घंगाळाभोवती दोरी बांधलेली होती आणि मावशी कामावर नव्हत्या.

त्यांना मी पंचवटीत त्यांच्या घरी जाऊन भेटले. त्या एवढेच म्हणाल्या, "पाहुणे यायचे होते बाई. एवढं चांगलं भांडं काळं पडलेलं दिसलं, म्हटलं घासून ठेवावं." त्यांचे आठ दिवसांचे पैसे कापले आहेत आणि पुन्हा येऊ नका असे सांगितले आहे.

मी आपल्याला पत्र लिहून दोन गोष्टी विचारल्या होत्या. या घंगाळाला पुरस्कार कशासाठी दिला, आणि मावशींनी नेमके काय बिघडवले? आपले उत्तर चार ओळींचे आले. संस्थात्मक सिद्धांतानुसार कलाविश्वाने मान्यता दिलेली वस्तू ही कलाकृती असते, समितीने ती मान्यता दिलेली आहे, म्हणून अधिक स्पष्टीकरणाची गरज नाही, आणि सफाई कर्मचाऱ्याने कलाकृतीचे नुकसान केले आहे. घंगाळाशेजारच्या फलकावरही यातले पहिले वाक्य जसेच्या तसे छापलेले आहे.

हे उत्तर मला गप्प राहून स्वीकारता येत नाही. मी नाशिकच्या एका महाविद्यालयात सव्वीस वर्षे तत्त्वज्ञान शिकवले आणि सौंदर्यशास्त्राच्या तासाला हाच सिद्धांत दरवर्षी शिकवला. दुसरे कारण घरचे आहे. माझे आजोबा तांबट होते. जुन्या नाशकातल्या तांबट गल्लीत त्यांच्या हातोडीच्या आवाजात माझे बालपण गेले. म्हणजे ज्या सिद्धांताचा आपण आधार घेता तो माझ्या पोटापाण्याचा विषय होता, आणि ज्या वस्तूला आपण पुरस्कार दिला ती माझ्या आजोबांच्या पोटापाण्याची.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. हे घंगाळ कलाकृती नाही, असे मला म्हणायचे नाही. वर्तमानपत्रांत आलेल्या "हे आमच्याही माळ्यावर आहे" या पत्रांशी मी सहमत नाही. ज्या तरुण कलाकाराने ते मांडले त्याच्याशीही माझे भांडण नाही. माझे म्हणणे असे की आपण ज्या सिद्धांताचे नाव घेता तो आपल्याला उत्तरातून सोडवत नाही. तो आपल्यावर उत्तराची जबाबदारी टाकतो.

सिद्धांत जिथून सुरू होतो तिथून सुरुवात करते. एप्रिल 1964 मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेबल गॅलरीत अँडी वॉरहॉल या चित्रकाराने 'ब्रिलो' नावाच्या भांडी घासायच्या साबण लावलेल्या तारेच्या काथ्याची खोकी रचून ठेवली. त्याची खोकी प्लायवुडची होती, दुकानातली पुठ्ठ्याची. छापलेला मजकूर, रंग, आकार मात्र तेच. आर्थर डान्टो हा तत्त्वज्ञ ते प्रदर्शन पाहून आला आणि त्याच वर्षी त्याने एक निबंध लिहिला. गोदामातले खोके कला नाही आणि गॅलरीतले आहे, तर हा फरक खोक्याकडे कितीही निरखून पाहिले तरी सापडणार नाही, असा त्याचा मुद्दा. तो फरक पाडते ते डोळ्यांना न दिसणारे काहीतरी: कलेचा इतिहास, कलेविषयीचे विचार आणि ते जाणणाऱ्यांचे एक जग. त्या जगाला त्याने 'कलाविश्व' म्हटले.

जॉर्ज डिकी या तत्त्वज्ञाने हा शब्द घेऊन व्याख्याच केली, आणि तोच आपण म्हणता तो संस्थात्मक सिद्धांत. 1974 च्या पुस्तकातली ती व्याख्या माझ्या शब्दांत अशी: कलाकृती म्हणजे माणसाने घडवलेली अशी वस्तू, जिच्या काही पैलूंना, कलाविश्वाच्या वतीने वागणाऱ्या एका किंवा अनेक व्यक्तींनी, आस्वादासाठीच्या उमेदवाराचा दर्जा दिलेला आहे.

वर्गात मुलांना हे पटत नसे. नुसता दर्जा देऊन वस्तू बदलते कशी, असे ती विचारत. तेव्हा मी त्यांना गणपती आठवायला सांगत असे. चतुर्थीच्या आदल्या दिवशी कारखान्यातून मूर्ती आणतो तेव्हा ती रुमालाने झाकलेली असते, रिक्षात मांडीवर असते, सोंडेचा रंग उडाला तर आपण कारखानदाराशी वादही घालतो. दुसऱ्या दिवशी प्राणप्रतिष्ठा होते. मातीचा एक कण बदललेला नसतो, पण त्यानंतर ती कुणी उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवत नाही. उत्तरपूजा झाली की गुरुजी मूर्ती जागची थोडी हलवतात आणि मग ती गोदावरीच्या घाटावर नेता येते. हे सगळे टप्पे शाडूच्या मातीवर दिसत नाहीत, तरी घरातल्या चार वर्षांच्या पोरालाही ते ठाऊक असतात, कारण त्याला ते सांगितलेले असते. "आता हात लावायचा नाही हं, बाप्पा बसलेत."

हा दाखला कुठे अपुरा पडतो तेही मी वर्गात सांगत असे, आणि आपल्या समितीच्या दृष्टीने तोच भाग महत्त्वाचा आहे. प्राणप्रतिष्ठेला ठरलेला विधी असतो, मंत्र असतात, ती कोणी करायची हेही ठरलेले असते. कलाविश्वात असे काहीच नसते. मन्रो बिअर्ड्स्ली या तत्त्वज्ञाने डिकीवर नेमका हाच आक्षेप घेतला. विद्यापीठ पदवी देते तेव्हा त्याला तो अधिकार असतो, पण ढोबळ प्रथांनी बनलेले कलाविश्व कुणाला दर्जा बहाल कसा करणार? डिकीने हा आक्षेप मान्य केला. 1984 च्या पुस्तकात त्याने दर्जा बहाल करण्याची भाषाच सोडून दिली. नव्या मांडणीत कलाकृती म्हणजे कलाविश्वाच्या प्रेक्षकांसमोर मांडता यावी अशा प्रकारची, घडवलेली वस्तू. कलाकार म्हणजे ती घडवण्यात समजून-उमजून सहभागी होणारी व्यक्ती. आणि प्रेक्षक म्हणजे समोर मांडलेली वस्तू समजून घ्यायला काही एका प्रमाणात तयार असलेली माणसे.

आपल्या फलकावर 'मान्यता' आहे. म्हणजे लेखकाने स्वतः मागे घेतलेला शब्द आपण त्याच्याच सिद्धांताच्या नावाने भिंतीवर लावला आहे. शिवाय जुन्या व्याख्येतही समितीला आपण समजता तेवढे मोठे स्थान नव्हते. कलाविश्व उभे राहायला अनेक माणसे लागतात, पण त्याच्या वतीने वागायला एक माणूस पुरतो, आणि तो बहुधा कलाकारच असतो, असे डिकी म्हणतो. 1917 मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनासाठी मार्सेल द्यूशाँ या कलाकाराने चिनी मातीचे मुतारीचे भांडे पाठवले. त्यावर 'आर. मट' अशी सही होती आणि 'कारंजे' हे नाव. सहा डॉलर शुल्क भरणाऱ्या प्रत्येकाचे काम लावायचे असा त्या प्रदर्शनाचा नियम होता. तरीही आयोजकांनी ते लावले नाही, आणि द्यूशाँने संचालक मंडळाचा राजीनामा दिला. दालनाने नाकारलेली ती वस्तू आज जगभरच्या पुस्तकांत कलाकृती म्हणून आहे. दालनात ठेवणे हीच कसोटी असती, तर 'कारंजे' त्या वर्षी कला नव्हते असे म्हणावे लागेल. आपल्या प्रदर्शनातून यंदा परत पाठवलेल्या कामांबद्दलही मग आपल्याला हेच म्हणावे लागेल: ती वाईट म्हणून परत गेली नाहीत, ती कलाच नव्हती. असे आपल्याला म्हणायचे नसेल, अशी माझी खात्री आहे.

आता पहिली तक्रार, मावशींची.

डिकीच्या पहिल्या व्याख्येतला एक शब्द बहुतेक जण वाचताना ओलांडून जातात: 'पैलू'. दर्जा सबंध वस्तूला मिळत नाही, तिच्या काही पैलूंना मिळतो. चित्राची मागची बाजू, तिथला खिळा, चौकटीवरचा दुकानदाराचा शिक्का यांचा आस्वाद घ्या असे कुणी म्हणत नाही. मागचा शिक्का पुसला तर चित्र बिघडले असेही कुणी म्हणत नाही. कागदावर किंवा कॅनव्हासवर हे सांगावे लागत नाही, कारण शतकानुशतकांच्या सवयीने आपल्याला ठाऊक असते की समोरची बाजू पाहायची असते. रोजच्या वापरातली वस्तू चौथऱ्यावर येते तेव्हा ही सवय कामाला येत नाही. मग कुणीतरी सांगावे लागते.

त्या घंगाळावर काय काय आहे ते मी सांगते, कारण मला ते वाचता येते. सगळ्या अंगावर हातोडीचे सारखे ठसे आहेत, ते मठारकाम. लोक त्याला नक्षी समजतात. पण तांबे ठोकले की कडक होते, आणि ठसा ठशाला लागून असा सगळीकडे बसला की पातळ पत्र्यालाही ताठपणा येतो, भरलेल्या पाण्याने भांडे पोचत नाही. फार ठोकले तर पत्रा तडकतो, म्हणून मध्ये मध्ये तो भट्टीत लाल करून मऊ करावा लागतो. आजोबा हे आवाजावरून ओळखत. पत्रा कडक झाला की हातोडीचा नाद बदलतो. काठात आत तार घालून पत्रा तिच्यावर वळवलेला आहे, म्हणजे काठ हाताला कापत नाही. आत कल्हई नाही, कारण घंगाळ आंघोळीच्या पाण्याचे, त्यात स्वयंपाक होत नसे. गळ्याखाली ठिपक्या-ठिपक्यांनी एका बाईचे नाव कोरलेले आहे, बहुधा लग्नात आलेले भांडे असावे. घंगाळ पालथे असल्यामुळे ते नाव उलटे दिसते. आणि या सगळ्यावर काळा थर होता, वर्षानुवर्षे हवेत राहिलेल्या तांब्यावर चढतो तो. लिंबातल्या आम्लाने तो सुटतो आणि खालचे ताजे तांबे उघडे पडते. मावशींनी जे काढले ते एवढेच.

यातला कोणता पैलू आस्वादासाठी होता? काळा थर? ठसे? उलटे नाव? निखळलेली कडी? फलकावर याबद्दल एक अक्षर नाही.

हा प्रश्न शब्दच्छल वाटत असेल तर 'कारंजे'वर झालेला वाद पाहा. मुतारीच्या भांड्याचा आस्वाद घेताच येत नाही, असा आक्षेप टेड कोहेन या तत्त्वज्ञाने घेतला होता. डिकीने उत्तर दिले की का नाही घेता येणार? त्याचा चकचकीत पांढरा पृष्ठभाग, त्याचा लंबगोल आकार, आसपासच्या वस्तूंचे त्यात पडणारे प्रतिबिंब, हे सगळे रसिकाने पाहण्याजोगे आहे. डान्टोला हे मुळीच पटले नाही. त्याचे म्हणणे, पांढरा चकचकीतपणा तर जगातल्या प्रत्येक तशा भांड्यात आहे. कलाकृतीत काही असे आहे जे त्या भांड्यांत नाही. ती धीट आहे, उद्धट आहे, चतुर आहे. भांडी उद्धट नसतात.

आता ही दोन उत्तरे आपल्या घंगाळाला लावून पाहा.

आपण डिकीच्या बाजूने असाल, तर डोळ्यांना दिसणारे गुण हीच कलाकृती. मग काळा थर त्यात येऊ शकतो आणि मावशींच्या हातून नुकसान झाले असे म्हणता येईल. पण मग तेवढ्याच ठामपणे ठसे, वळवलेला काठ आणि घाटही त्या कलाकृतीत येतात, आणि ते कलाकाराने केलेले नाहीत. ते कुण्या तांबटाने केले आहेत, आणि त्याचा उल्लेखही फलकावर नाही.

आपण डान्टोच्या बाजूने असाल, तर कलाकृती म्हणजे त्या वस्तूतून व्यक्त झालेला अर्थ. कलाकाराने तिचे नाव 'शिल्लक' ठेवले आहे. एका घराची आंघोळीची रीत, एक धंदा, एका बाईचे नाव, यातून मागे उरले ते हे. मला ते नाव फार आवडले. पण तो अर्थ निम्मे घासल्याने कसा नष्ट होतो, हे आपण दाखवून द्यायला हवे. 'कारंजे'चे मूळ भांडे हरवलेच. आज संग्रहालयांत दिसतात त्यांतल्या बहुतेक 1964 मध्ये जुन्या छायाचित्रावरून करवून घेतलेल्या प्रती आहेत, आठांचा एक संच. अख्खी वस्तू गेली आणि कलाकृती टिकली असे जिथे मानले जाते, तिथे लिंबाच्या एका फोडीने कलाकृतीचे नुकसान झाले हे आपोआप सिद्ध होत नाही.

कुठल्याही बाजूने जा, 'नुकसान' हा शब्द लिहिण्याआधी आपण पैलू सांगायला हवा होता. मावशींना तो कुणी सांगितलाच नव्हता. जर्मनीत डॉर्टमुंडच्या संग्रहालयात 2011 मध्ये असेच घडले. मार्टिन किप्पेनबर्गरच्या मांडणीत लाकडी फळ्यांच्या मनोऱ्याखाली एक रबरी घमेले होते. पाणी साचून वाळल्यावर राहतो तसा त्यात रंगाचा एक थर होता, आणि तो कलाकाराने मुद्दाम दिलेला होता. सफाई करणाऱ्या बाईंनी तो डाग समजून घासून काढला. त्या कामाचा विमा आठ लाख युरोंचा होता. तिथे निदान सफाई कामगारांनी कलाकृतीपासून ठरावीक अंतर ठेवावे असा नियम आधीपासून होता. आपल्याकडे दोरी घटनेनंतर आली. न दिसणारा दर्जा दिला, तर तो सांगणे हे दर्जा देणाऱ्याचे काम आहे. बाप्पा बसलेत हे घरातल्या मोठ्यांनी सांगायचे असते. न सांगता, पोराने हात लावला म्हणून त्याला मारायचे नसते.

यात मला एक गोष्ट आपल्यासमोर मुद्दाम ठेवायची आहे. डिकीच्या नव्या मांडणीत प्रेक्षक म्हणजे समजून घ्यायला तयार असलेली माणसे. मावशी दोन वर्षे त्या दालनात रोज सकाळी तासभर एकट्या असत. आपल्या कुठल्याही प्रेक्षकापेक्षा त्यांनी तिथली चित्रे अधिक वेळ पाहिली आहेत. मी विचारले तेव्हा गेल्या वर्षीच्या एका जलरंगातला घाट कुठला, पाणी किती चढलेले आहे, हे त्यांनी मला बिनचूक सांगितले. त्यांना घंगाळाबद्दल दोन वाक्ये सांगायला किती वेळ लागला असता?

दुसरी तक्रार पुरस्काराची. ती थोडक्यात मांडते, कारण ती सरळ आहे.

डिकीने पहिल्यापासून 'कलाकृती' या शब्दाचे दोन अर्थ वेगळे ठेवले. एक वर्गवाचक, म्हणजे ही वस्तू या प्रकारात मोडते. दुसरा मूल्यवाचक, म्हणजे ही उत्तम आहे. त्याचा सिद्धांत फक्त पहिल्याबद्दल आहे. टाकाऊ चित्रही चित्रच असते. त्यामुळे हे घंगाळ कलाकृती का, याला 'संस्थात्मक सिद्धांत' हे निदान अर्धे उत्तर तरी होते. त्याला पहिला पुरस्कार का, याला ते उत्तरच नाही. प्रदर्शनातले प्रत्येक काम त्या सिद्धांतानुसार कलाकृती आहे. मग त्याच आधारावर सगळ्यांनाच पहिला पुरस्कार द्यावा लागेल.

इथे रिचर्ड वोल्हाइम या तत्त्वज्ञाने टाकलेला पेच आपल्याला लागू पडतो. कलाविश्वातली माणसे एखादी वस्तू निवडतात तेव्हा त्यांच्याजवळ काही कारणे असतात की नसतात? असतील, तर ती सांगा. मग त्या वस्तूचे महत्त्व त्या कारणांमुळे आहे, निवडणाऱ्यांच्या खुर्चीमुळे नाही. नसतील, तर त्या निवडीकडे इतरांनी लक्ष का द्यावे? डिकीचे समर्थक यावर म्हणतात की हा पेच निवडीच्या गुणवत्तेबद्दल आहे, वर्गीकरणाबद्दल नाही. मान्य. पण पुरस्कार हा गुणवत्तेचाच निर्णय असतो, म्हणून आपल्याला तेवढी पळवाटही उरत नाही.

आपल्याजवळ कारणे असतीलच. त्या घंगाळासमोर मी पाऊण तास उभी होते आणि मलाच तीन सुचली. पालथे घातल्यामुळे पाण्याचे भांडे पाणी धरू शकत नाही. उलटे झालेले नाव वाचायला मान वाकडी करावी लागते आणि त्या वेळी आपण त्या बाईच्या पायाशी वाकल्यासारखे होतो. निखळलेल्या कडीमुळे ते एका माणसाला उचलता येणार नाही. ही कारणे चूक असू शकतात, पण ती मांडली तर त्यांच्यावर बोलता येते. गावातली माणसे "हे तर आमच्या माळ्यावर आहे" म्हणून निघून जातात, कारण त्यांच्यासमोर बोलण्याजोगे काही ठेवलेलेच नाही.

शेवटची तक्रार तांबटाची. ब्रिलोच्या खोक्याची मूळ रचना जेम्स हार्वी याने केली होती. तो स्वतः चित्रकार होता, अमूर्त चित्रे काढी, आणि पोटासाठी व्यापारी वेष्टने करी. त्याच्या खोक्यावरून केलेली खोकी स्टेबल गॅलरीत कला झाली आणि त्याचे खोके दुकानात खोकेच राहिले. हा फरक योग्य आहे असे मला वाटते. डिकी स्वतः विचारतो की नळसामान विकणाराही मालच मांडतो, मग द्यूशाँने वेगळे काय केले? उत्तर असे की विक्रेता माल विकायला मांडतो, द्यूशाँने तो कलेच्या चौकटीत मांडला. विक्रेत्यालाही तसे करता आले असते, त्याने ते केले नाही. माझ्या आजोबांनी घंगाळे विकायला मांडली. त्यांना कलाकार म्हणा, असा माझा आग्रह नाही, आणि त्यांनीही तो धरला नसता. पण हार्वीचे नाव आज ब्रिलोबद्दल लिहिणारे आवर्जून लिहितात. आपल्या फलकावर साहित्य या रकान्यात 'सापडलेली वस्तू' असे आहे. घंगाळ सापडत नाही. ते मठारलेले असते.

माझ्या मागण्या अशा आहेत.

मावशींना कामावर परत घ्यावे, कापलेले पैसे द्यावेत, आणि नुकसानीचा ठपका लेखी मागे घ्यावा.

घंगाळाशेजारचा फलक बदलावा. कलाकाराशी बोलून, त्यातले कोणते पैलू पाहण्यासाठी आहेत ते साध्या मराठीत दोन-तीन वाक्यांत लिहावे. अर्धवट घासलेली बाजू आता कलाकृतीचा भाग आहे की नाही, हे कलाकाराने ठरवावे आणि तेही तिथे लिहावे.

साहित्याच्या रकान्यात 'तांब्याचे घंगाळ, मठारकाम, कारागीर अज्ञात' असे लिहावे.

पहिल्या पुरस्काराची कारणे समितीने अर्ध्या पानात जाहीर करावीत आणि दालनात लावावीत. समितीत मतभेद झाले असतील तर तेही लिहावेत, त्यात कमीपणा नाही.

पुढच्या वर्षापासून मांडणी पूर्ण झाली की दार उघडण्याआधी अर्धा तास काढून सफाई कर्मचारी, पहारेकरी आणि तिकीट देणाऱ्यांना प्रत्येक कामासमोर नेऊन ते काय आहे आणि त्याच्याशी कसे वागायचे, हे सांगावे. हे काम करायला मी विनामोबदला यायला तयार आहे.

प्रदर्शन अजून नऊ दिवस आहे. पहिल्या तीन मागण्यांना एक दिवस पुरेल. मावशींचा पत्ता आपल्या कार्यालयात आहे. त्यांना पत्राने कळवू नका, कुणीतरी जाऊन सांगा.

आपली,
तत्त्वज्ञानाची एक निवृत्त प्राध्यापिका
नाशिक